ई-मेलखालील सात ओळी : दोन भाषा, एक दूरध्वनी

सायंकाळची वेळ. संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या गावचे सरपंच शेतावरून परतताना वाटेत थांबतात आणि मोबाईलवर आलेले शासकीय ई-मेल उघडून पाहतात. ग्रामपंचायतीने पाठविलेल्या प्रस्तावासोबत एक दाखला जोडावयाचा राहून गेला असून तो उद्या दुपारपर्यंत न मिळाल्यास प्रस्ताव या खेपेस विचारात घेता येणार नाही, असे त्यात कळविलेले असते. दाखला कोणता, याचा मात्र त्या मजकुरावरून नेमका उलगडा होत नाही. साहजिकच सरपंचांचे बोट खाली सरकते. पत्र कोणाचे आणि विचारावयाचे कोणाला, हे पत्राच्या शेवटी असणार, अशी त्यांची अपेक्षा असते. तेथे एका चित्राची रिकामी चौकट दिसते. तिच्याखाली `rglhynkj` अशी काही इंग्रजी अक्षरे आणि दोन ओळींत तुटलेला एक क्रमांक दिसतो. त्या क्रमांकावर बोट ठेवले तर फोन लागत नाही. रात्र निघून जाते आणि सकाळी तालुक्याच्या गावी जाणारी एस. टी. गाठावी लागते.

हा प्रसंग नमुन्यादाखल घेतला असला, तरी त्यातील प्रत्येक दोष प्रत्यक्ष व्यवहारात आढळणारा आहे आणि प्रत्येकाचे कारण ठाऊक असलेले आहे. ई-मेलच्या शेवटी आपोआप उमटणाऱ्या या मजकुरास संगणकाच्या परिभाषेत 'स्वाक्षरी' म्हणतात. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये कायदेशीर मान्यता असलेली डिजिटल स्वाक्षरी ती हीच, असा समज काही ठिकाणी दिसतो. तो चुकीचा आहे. डिजिटल स्वाक्षरी दस्तऐवज कोणी प्रमाणित केला, याचा पुरावा देते. ई-मेलखालची स्वाक्षरी केवळ पाठविणाऱ्याची ओळख सांगते. ती कोणालाही टाइप करता येते, म्हणून तिला पुराव्याचे मोल नाही. तिचे काम एकच : पत्र वाचणाऱ्यास कोणी लिहिले, कोणत्या पदावरून लिहिले आणि कोठे फोन करावयाचा, हे एका दृष्टिक्षेपात कळावे.

कागदी पत्राची शिस्त

कागदी शासकीय पत्रात ही माहिती दोन ठिकाणी विभागलेली असते. वरच्या बाजूस कार्यालयाचे नाव, पत्ता व दूरध्वनी असतो. खाली उजव्या हातास सही, सहीखाली कंसात नाव आणि नावाखाली पदनाम असते. ई-मेलला असा छापील माथा नसतो. त्यामुळे माथ्यावरचे व पायथ्याचे असे सर्वच खालच्या स्वाक्षरीत घालण्याचा मोह होतो. मग बोधचिन्ह येते, पूर्ण टपाली पत्ता येतो, दोन भ्रमणध्वनी, फॅक्स, संकेतस्थळ आणि कागद वाचविण्याचा संदेशही येतो. एका पत्राला दहा उत्तरे-प्रत्युत्तरे झाली की हा सारा संभार दहा वेळा साठतो आणि मूळ मजकूर त्यात हरवतो.

इंटरनेटवरील व्यवहारांच्या शिष्टाचाराविषयी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १८५५ या टिपणात स्वाक्षरी साधारणतः चार ओळींपेक्षा मोठी नसावी, असा संकेत दिलेला आहे. तो एका भाषेपुरता आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार मराठी ही राज्याची राजभाषा आहे, त्यामुळे मराठीला स्वाक्षरीत पहिले स्थान असणे ओघानेच येते. तथापि बुलडाणा जिल्ह्यातील कार्यालयांची पत्रे राज्याबाहेरही जातात. बँकांची मुख्य कार्यालये, केंद्र शासनाचे विभाग, उत्तरेस लागून असलेल्या मध्य प्रदेशातील अधिकारी यांना मराठी वाचता येईलच, असे नाही. म्हणून इंग्रजीची जोड द्यावी लागते. अशा वेळी साधा हिशेब करावा. नाव, पदनाम आणि कार्यालय या तीन गोष्टी मराठीत एकदा व इंग्रजीत एकदा, म्हणजे सहा ओळी झाल्या. दूरध्वनीचा क्रमांक दोन्ही भाषांत एकच असल्याने तो एकदाच लिहावयाचा. एकूण सात ओळी. आठवी ओळ सुचली, तर ती नसल्याने वाचणाऱ्याचे कोणते काम अडेल, हा प्रश्न विचारावा. ई-मेलचा पत्ता स्वाक्षरीत पुन्हा लिहिण्याची गरज या कसोटीवर टिकत नाही, कारण पत्र ज्या पत्त्यावरून आले तो वर दिसतच असतो.

बोटभर पडद्याची रुंदी

संगणकाच्या रुंद पडद्यावर डावीकडे मराठी व उजवीकडे इंग्रजी अशी दोन रकान्यांची स्वाक्षरी देखणी दिसते. ती तयार करणारा ती संगणकावरच पाहतो आणि समाधान पावतो. पण वाचणारा तिला मोबाईलवर पाहतो, आणि खरी अडचण तेथे सुरू होते.

साधारण अँड्रॉइड मोबाईलच्या पडद्याची रुंदी ३६० एकके धरली जाते. ही एकके संगणकाच्या भाषेत पिक्सेल म्हणून ओळखली जातात. दोन्ही कडांस सोळा-सोळा एककांचे समास सोडले की मजकुरासाठी ३२८ एकके उरतात. देवनागरी अक्षर सोळा एककांच्या आकारात घेतल्यास अशा ओळीत मोकळ्या जागा धरून सुमारे तीस अक्षरे मावतात. चौदा एककांच्या आकारातील इंग्रजी अक्षरे चाळिसाच्या आसपास बसतात. हे आकडे अंदाजाचे आहेत, कारण निरनिराळ्या अक्षरवळणांत थोडा फरक पडतो. परंतु त्यांवरून एक गोष्ट निश्चित होते. हीच रुंदी दोन रकान्यांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्यास जेमतेम पंधरा मराठी अक्षरे येतात आणि 'पंचायत समिती, सिंदखेड राजा' एवढ्या शब्दांचेही दोन-तीन तुकडे होतात. मराठीचा एक तुकडा व इंग्रजीचा एक तुकडा समोरासमोर येऊन वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो. काही मोबाईल असा मजकूर मावविण्यासाठी सर्वच अक्षरे बारीक करतात, तेव्हा तो भिंगाखेरीज वाचता येत नाही. म्हणून रकाना एकच असावा, मजकूर डाव्या कडेस लावलेला असावा, आणि मराठी वर व इंग्रजी खाली असावी.

देवनागरीची आणखी एक गरज आहे. इंग्रजी अक्षरांच्या तुलनेने तिच्यात वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार व रफार, तर खाली उकार व जोडाक्षरांचे पाय असतात. ओळी अगदी जवळ ठेवल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. दोन ओळींतील अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट ठेवले की हा दोष राहत नाही. सोळा एककांच्या अक्षरास चोवीस एककांची ओळ, या हिशेबाने सात ओळींना १६८ एकके लागतात. मोबाईलच्या उंचीचा हा साधारण चौथा भाग होतो आणि संपूर्ण स्वाक्षरी बोट न सरकविता एकत्र दिसते.

दोन ओळींचा मजकूर एकाच ओळीत आणण्यासाठी मध्ये उभी रेघ ओढण्याची पद्धत इंग्रजीत आहे. मराठीत ती टाळणे इष्ट. ही रेघ आणि आपला दंड लहान पडद्यावर सारखेच दिसतात. शिवाय अक्षर 'ा' याच्या काना-रेषेशीही तिची गल्लत होते. तसेच 'दूरध्वनी' या शब्दापुढे अपूर्णविराम देताना घाईत विसर्गाची कळ दाबली जाण्याचे प्रमाण मोठे आहे. क्रमांकाआधी नुसता शब्द लिहिला, किंवा शब्दही न लिहिता क्रमांकच दिला, तरी अर्थ पुरेसा स्पष्ट होतो.

रंगाच्या बाबतीतही संयम बरा. अनेक मोबाईलवर रात्रीच्या वापरासाठी काळी पार्श्वभूमी निवडलेली असते. गडद निळ्या रंगात ठरवून दिलेली अक्षरे त्या काळ्या पडद्यावर दिसेनाशी होण्याची शक्यता असते. रंग ठरवूनच दिला नाही, तर बहुतेक ठिकाणी मोबाईल पार्श्वभूमीस अनुरूप रंग आपला आपण निवडतो.

अक्षरे बदलतात ती का

सरपंचांना दिसलेली `rglhynkj` ही अक्षरे निरर्थक नव्हती. कृतिदेव या जुन्या अक्षरवळणात 'तहसीलदार' हा शब्द टंकलिखित केला की संगणकात प्रत्यक्ष साठविली जातात ती हीच इंग्रजी अक्षरे. `r` या अक्षरावर 'त' चे, `g` वर 'ह' चे व `l` वर 'स' चे चित्र बसविलेले असते. ज्या संगणकावर हे वळण आहे, तेथे शब्द मराठीत दिसतो. वाचणाऱ्याच्या मोबाईलवर ते वळण नसल्याने झाकलेली इंग्रजी अक्षरे उघडी पडतात. जुन्या पत्रांच्या नमुन्यातून नाव व पदनाम उचलून स्वाक्षरीत डकविले, की हा दोष त्यासोबत येतो. पाठविणाऱ्यास तो कधीच दिसत नाही, ही त्यातील खरी मेख आहे.

युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत प्रत्येक देवनागरी अक्षरास स्वतःचा स्वतंत्र क्रमांक असतो. तेथे 'त' हा 'त' म्हणूनच साठविला जातो, मग अक्षरवळण कोणतेही असो. म्हणून स्वाक्षरीतील मराठी मजकूर डकवू नये. इन्स्क्रिप्ट किंवा अन्य युनिकोड कळफलकाने तो नव्याने टंकलिखित करावा. परीक्षाही सोपी आहे. मजकूर उचलून संगणकातील साध्या नोटपॅडमध्ये ठेवावा. तेथे तो मराठीत दिसला तर युनिकोड, इंग्रजी अक्षरांत दिसला तर जुने वळण. मात्र नोटपॅडलाच कृतिदेव हे वळण निवडून दिलेले नाही, याची आधी खात्री करून घ्यावी.

याखेरीज दोन लक्षणे आढळतात. मराठीच्या जागी `?????` अशी प्रश्नचिन्हे आली, तर मजकूर वाटेत किंवा साठविताना देवनागरी न जाणणाऱ्या जुन्या संकेतात बदलला गेला, असे समजावे. अशा वेळी मूळ अक्षरे नष्ट झालेली असतात आणि वाचणाऱ्यास ती परत मिळविता येत नाहीत. 'म' या अक्षराऐवजी `à¤®` असे काही दिसले, तर मजकूर शाबूत आहे, पण तो उघडणाऱ्या प्रणालीने चुकीच्या संकेतानुसार वाचला, असा अर्थ होतो. दोन्ही प्रसंगी पाठविण्याचा संकेत `UTF-8` असा आहे की नाही, हे ई-मेलच्या सेटिंगमध्ये तपासावे. आजच्या बहुतेक ई-मेल प्रणालींत तो मुळातच तसा असतो. जुन्या संगणकावरील जुन्या कार्यक्रमांत मात्र तो हाताने निवडावा लागतो.

या सर्व कटकटींना कंटाळून नाव व पदनाम यांचे चित्रच करून ते स्वाक्षरीत चिकटविण्याचा उपाय काही जण करतात. अक्षरे बदलण्याचा प्रश्न त्याने सुटतो, पण त्याहून अवघड प्रश्न उभे राहतात. अनेक ई-मेल प्रणाली बाहेरून येणारी चित्रे वाचकाने परवानगी देईपर्यंत दाखवीत नाहीत. चित्रातील क्रमांकावर बोट ठेवून फोन लावता येत नाही, नाव शोधता येत नाही, आणि दृष्टिहीन व्यक्तीसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्रणेस त्यातले काहीच कळत नाही. चित्रात राजमुद्रा घातली असेल, तर एक कायदेशीर मुद्दाही उपस्थित होतो. भारताच्या राजमुद्रेचा वापर २००५ च्या अधिनियमाने व त्याखालील नियमांनी मर्यादित केलेला आहे. कोणी, कोठे आणि कशा प्रकारे ती वापरावी, हे त्यात ठरलेले आहे. स्वाक्षरीत ती हौसेने घालण्याची वस्तू नव्हे.

पदनाम आणि गावाचे नाव

दोन भाषांतील स्वाक्षरीत शब्दांची निवड ही सजावटीपेक्षा अधिक विचार मागणारी बाब आहे. पदनामांच्या मराठी पर्यायांसाठी भाषा संचालनालयाने पदनाम कोश प्रसिद्ध केलेला आहे. तो हाताशी असावा. इंग्रजी रूपासाठी मात्र नवे भाषांतर करण्याऐवजी ज्या अधिनियमान्वये ते पद किंवा ती संस्था निर्माण झाली, त्याच्या इंग्रजी पाठातील शब्द घ्यावा. 'जिल्हा परिषद' व 'पंचायत समिती' यांना १९६१ च्या अधिनियमाच्या इंग्रजी पाठातही `Zilla Parishad` व `Panchayat Samiti` असेच म्हटले आहे. सरपंचांनी स्वतःस `Village Head` म्हणवून घेण्याचे कारण नाही, कारण `Sarpanch` हाच कायद्यातील शब्द आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये `Tahsildar` असे वर्णलेखन आहे. अन्य राज्यांत रूढ असलेले `Tehsildar` येथे वापरले, तर त्याच कार्यालयाची दोन नावे प्रचारात येतात.

पदनामे कायमची नसतात, हेही ध्यानात ठेवावे लागते. २०२४ साली राज्य शासनाने ग्रामसेवक व ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे एकत्र करून त्यांस 'ग्रामपंचायत अधिकारी' असे नाव दिले. कार्यालयाच्या दारावरील पाटी बदलली, की ती सर्वांना दिसते. ई-मेलखालील जुने पदनाम मात्र कोणाच्या नजरेस न येता वर्षानुवर्षे पत्रांबरोबर जात राहते.

गावांच्या नावांचा प्रश्न बुलडाणा जिल्ह्यात विशेष आहे. खुद्द जिल्ह्याचे नाव 'बुलडाणा' व 'बुलढाणा' अशा दोन्ही रूपांत लिहिलेले आढळते. इंग्रजीत १९१० च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये `Buldana` असे होते, आज `Buldhana` रूढ आहे. कोणते रूप भाषेच्या दृष्टीने योग्य, हा वाद स्वाक्षरीत सोडवावयाचा नाही. आपल्या कार्यालयाच्या अधिकृत शिक्क्यावर व पत्रशीर्षावर जे रूप आहे, तेच अक्षरशः स्वाक्षरीत असावे, एवढे पुरे. ई-मेलच्या ढिगाऱ्यातून जुने पत्र नावाने शोधताना यंत्र फक्त हुबेहूब अक्षरे जुळविते, त्याला दोन रूपांतील नाते ठाऊक नसते. जिल्ह्यातील सिंदखेड राजा आणि धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा, किंवा जळगाव जामोद हे तालुक्याचे गाव आणि जळगाव हा स्वतंत्र जिल्हा, यांची इंग्रजीत सहज गल्लत होते. अशा ठिकाणी नावाचा उत्तरार्ध गाळू नये आणि पुढे जिल्ह्याचे नाव अवश्य लिहावे.

एकच क्रमांक, पण तो लागणारा

स्वाक्षरीतील सर्वाधिक उपयोगाची ओळ शेवटची. ती इंग्रजी अंकांत लिहावी, हा एकच अपवाद मराठीच्या आग्रही लेखकानेही मान्य करण्यासारखा आहे. मराठी अंक वाचणाऱ्यास समजतात, पण प्रत्येक मोबाईल ते दूरध्वनीचा क्रमांक म्हणून ओळखेल, याची हमी नसते. बोट ठेवताच फोन लावणाऱ्या दुव्यात तर संकेतानुसार इंग्रजी अंकच चालतात.

क्रमांकाची मांडणी अशी असावी की तो जिल्ह्यातून, राज्याबाहेरून वा परदेशातून सारखाच लागेल. सिंदखेड राजा येथील स्थानिक संकेतांक ०७२६९ आहे. त्यातील आरंभीचे शून्य हा संकेतांकाचा भाग नसून देशांतर्गत दूरच्या कॉलसाठी लावावयाचा उपसर्ग आहे. देशाचा क्रमांक +९१ लिहिला की ते शून्य गाळावे लागते. `+91 07269` असे दोन्ही एकत्र लिहिणे ही नेहमी आढळणारी चूक असून असा क्रमांक बहुधा लागत नाही. शून्य गाळल्यावर चार अंकी संकेतांक व सहा अंकी स्थानिक क्रमांक मिळून दहा अंक होतात. ते मोजले की चूक तत्काळ कळते. भ्रमणध्वनी द्यावयाचा असेल, तर तोही +९१ व दहा अंक असाच लिहावा. १५ जानेवारी २०२१ पासून स्थिर दूरध्वनीवरून भ्रमणध्वनी लावताना आधी शून्य लावावे लागते. ते लावणाऱ्याने आपण होऊन लावावयाचे असते, स्वाक्षरीत छापावयाचे नसते.

क्रमांकातील मोकळ्या जागांवर ओळ तुटू शकते, आणि तुटलेला क्रमांक मोबाईलला अर्धाच कळण्याचा संभव असतो. यासाठी तेथे न तुटणारी मोकळी जागा वापरतात. ती खालील नमुन्यात दाखविली आहे.

क्रमांक कार्यालयाचा द्यावा की व्यक्तीचा, याचा निर्णय पत्राच्या स्वरूपावरून करावा. अधिकाऱ्याची बदली झाली, की त्याचा स्वतःचा भ्रमणध्वनी त्याच्यासोबत जातो. जुन्या पत्रावरून फोन करणारा ग्रामस्थ मग अशा अधिकाऱ्याशी बोलतो, ज्याच्याकडे ते काम राहिलेले नाही. कार्यालयाचा दूरध्वनी पदाशी बांधलेला राहतो. पदनामावर आधारलेल्या ई-मेल पत्त्यावरून जाणाऱ्या पत्रात म्हणूनच कार्यालयाचा क्रमांक अधिक सयुक्तिक ठरतो.

एक नमुना

सिंदखेड राजा पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांसाठी स्वाक्षरी तयार करावयाची आहे, असे समजू. नाव व क्रमांक येथे केवळ जागा दाखविण्यासाठी घेतले आहेत. प्रथम साध्या मजकुराचा कच्चा खर्डा :

```
अ. ब. क.
गटविकास अधिकारी
पंचायत समिती, सिंदखेड राजा, जि. बुलडाणा
A. B. K.
Block Development Officer
Panchayat Samiti, Sindkhed Raja, Dist. Buldhana
+91 7269 000000
```

नावाआधी 'श्री.' लिहिलेले नाही, कारण स्वतःच्या नावास आदरार्थी उपपद लावण्याचा प्रघात मराठीत नाही. 'बीडीओ' हे संक्षिप्त रूपही टाळले आहे. जिल्ह्यात ते सर्वांस ठाऊक असले, तरी इंग्रजी ओळी ज्यांच्यासाठी आहेत त्यांना ते ठाऊक असेलच असे नाही.

आता ओळींची लांबी मोजावी. मराठीची तिसरी ओळ तिशीच्या आत-बाहेर भरते व ३२८ एककांत बसते. इंग्रजीची तिसरी ओळ मात्र मोकळ्या जागा धरून ४७ अक्षरांची होते. चाळिसाच्या अंदाजापेक्षा ती बरीच लांब असल्याने मोबाईलवर `Buldhana` हा शब्द एकटाच पुढच्या ओळीवर जाईल. `Dist.` हा शब्द गाळला, की ओळ ४१ अक्षरांवर येते. अर्थाची हानी होत नाही, कारण तालुक्याच्या नावापुढे आलेले नाव जिल्ह्याचे, हे उघड आहे. कार्यालयाच्या संगणकचालकासाठी त्याचे पक्के रूप असे :

```html
<div lang="mr" style="font-size:16px;line-height:1.5">
अ. ब. क.<br>गटविकास अधिकारी<br>
पंचायत समिती, सिंदखेड राजा, जि. बुलडाणा</div>
<div lang="en" style="font-size:14px;line-height:1.5">
A. B. K.<br>Block Development Officer<br>
Panchayat Samiti, Sindkhed Raja, Buldhana</div>
<div style="font-size:16px">
<a href="tel:+917269000000">+91&nbsp;7269&nbsp;000000</a></div>
```

यातील `lang="mr"` ही खूण मजकूर मराठी असल्याचे सांगते. वाचून दाखविणारी यंत्रणा ती पाहून मराठी उच्चार निवडू शकते. `tel:` हा फोन लावणारा दुवा, तर `&nbsp;` ही न तुटणारी मोकळी जागा. अशी आज्ञावली स्वीकारण्याची सोय प्रत्येक ई-मेल प्रणालीत नसते. तेथे वरील सात ओळी सेटिंगमधील स्वाक्षरीच्या चौकटीत साध्या टंकलिखित केल्या, तरी काम भागते. +९१ ने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक बहुतेक मोबाईल आपण होऊन ओळखतात. लांब पत्रव्यवहारात प्रत्येक उत्तराखाली सातही ओळी नकोत. उत्तरांसाठी वेगळी स्वाक्षरी ठेवण्याची सोय असल्यास तीत मराठी नाव, पदनाम व क्रमांक या तीनच ओळी ठेवाव्यात.

तपासणी आणि बदली

स्वाक्षरी ठरल्यावर ती स्वतःलाच पाठवून समाधान मानू नये, कारण स्वतःच्या संगणकावर दोष लपतात. एक पत्र दुसऱ्या सेवेवरील पत्त्यावर पाठवून ते साध्या, जुन्या मोबाईलवर उघडावे. चारच गोष्टी पाहाव्यात. मराठी अक्षरे शाबूत आहेत का ? सातच्या आठ ओळी झाल्या आहेत का ? काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर दिसतो का ? क्रमांकावर बोट ठेवल्यास कार्यालयातील घंटा वाजते का ? त्यानंतर त्या पत्रास उत्तर द्यावे व ते पुन्हा पुढे पाठवावे, म्हणजे दोन-तीन फेऱ्यांनंतर मांडणी कशी राहते ते कळते. मोबाईलवरील ई-मेलच्या ॲपमध्ये स्वाक्षरीची सेटिंग अनेकदा वेगळी असते. संगणकावर नवी आणि मोबाईलवर जुनी, अशी एकाच अधिकाऱ्याची दोन पदनामे त्यामुळे प्रचारात राहतात. म्हणून दोन्ही ठिकाणी बदल करावा.

बदली, बढती किंवा अतिरिक्त कार्यभार हा स्वाक्षरी बदलण्याचा दिवस होय. कार्यभार सोपविताना चाव्या, शिक्के व नोंदवह्या यांची यादी करतात. तीत पदनामाच्या ई-मेल पत्त्याबरोबर त्याखालील स्वाक्षरीचाही उल्लेख असावा. अतिरिक्त कार्यभार असल्यास ज्या पदाच्या अधिकारात पत्र लिहिले जाते, तेच पदनाम लिहून पुढे कंसात 'अतिरिक्त कार्यभार' असे नमूद करावे. दोन्ही पदनामे एकाखाली एक लिहिल्यास पत्र कोणत्या कार्यालयाचे, असा संशय निर्माण होतो.

एवढी काळजी घेतलेली स्वाक्षरी पत्राखाली असती, तर संग्रामपूरच्या वाटेवरील सरपंचांनी मोबाईल खिशात ठेवण्यापूर्वी त्या शेवटच्या ओळीवर बोट टेकविले असते. राहिलेला दाखला कोणता, हे त्यांना त्याच सायंकाळी कळले असते आणि सकाळी ते तालुक्याच्या गावी दाखला घेऊनच निघाले असते.